दोन मीटरवरचं पाणी

जुलैत बेळगावचं आकाश आठ-आठ दिवस उघडत नाही. सगळीकडे एकसारखा राखाडी ढग, आणि किल्ला तलावाच्या काठावर उभं राहिलं तर पाण्यातही तोच राखाडी रंग पसरलेला. ज्याला तिरप्या लहरीचं परावर्तन डोळ्यांनी बघायचं आहे, त्याच्यासाठी वर्षातला हा सगळ्यात चांगला काळ. पाऊस थांबलेला असावा आणि वारा पडलेला असावा, एवढंच.

काठावर असं उभं राहायचं की डोळे पाण्याच्या पातळीपासून दीड मीटर उंचीवर येतील. नजर समोर दोन मीटरवरच्या पाण्यावर ठेवायची. पोलराइज्ड गॉगल घातला की तेवढ्या भागातली आकाशाची चमक विझते. तिथे हिरवट, गढूळ, खरं पाणी दिसायला लागतं. एखादं बुडालेलं पान दिसतं, काठाजवळच्या दगडावरचं शेवाळ दिसतं. आता मान न हलवता गॉगल डोळ्यांवरून काढा आणि एकच काच डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा. पाव फेरी झाली की राखाडी चमक परत पाण्यावर येऊन बसते आणि पान नाहीसं होतं. आणखी पाव फेरी, की पान पुन्हा हजर.

दीड मीटर उंची, दोन मीटर अंतर, आणि डोळ्यापासून त्या जागेपर्यंतची तिरपी रेघ अडीच मीटर. दुप्पट केलं तर तीन, चार, पाच. घराच्या पायाची आखणी करताना गवंडी दोरीवर हेच तीन आकडे घेऊन काटकोन काढतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे जवळजवळ नेमका चार भागिले तीन, आणि म्हणूनच हा त्रिकोण इथे येतो. पुस्तकातल्या उदाहरणांत बहुतेक वेळा काच घेतात, अपवर्तनांक १.५ धरतात आणि मग प्रत्येक पायरीला दशांश अपूर्णांकांची रांग लागते. पाणी घेतलं तर सगळं गणित कागद-पेन्सिलीवर, कॅल्क्युलेटरशिवाय होतं. शिकवताना पाण्यापासूनच सुरुवात व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

गणिताआधी दोन शब्दांचा घोळ मिटवायला हवा, कारण या विषयात होणाऱ्या निम्म्या चुका तिथेच होतात. ढगाचा तुकडा, पाण्यावरची जागा आणि डोळा या तीन बिंदूंमधून एक सपाट पत्रा सरकवला अशी कल्पना करा. हा पत्रा पाण्यावर उभा असेल. हेच आपतन प्रतल. लहरीचं विद्युत क्षेत्र या पत्र्याच्या आत झुलत असेल तर ध्रुवीकरण समांतर. पत्र्याला काटकोनात, म्हणजे पाण्यावर आडवं झोपून झुलत असेल तर ध्रुवीकरण लंब. ‘समांतर’ हा शब्द ऐकला की पाण्याला समांतर असं मनात येतं, आणि तिथेच उलटं होतं. पाण्याला समांतर असलेलं क्षेत्र या भाषेत लंब ठरतं. अँटेनावाले ज्याला उभं ध्रुवीकरण म्हणतात ते जमिनीच्या बाबतीत समांतर होतं, आणि त्यांचं आडवं म्हणजे लंब. हे एकदा पत्रा मनात धरून पक्कं केलं नाही, तर पुढची सगळी सूत्रं बरोबर लिहूनही उत्तर दुसऱ्याच लहरीचं येतं.

दुसरा घोळ कोनाचा. आपतन कोन पाण्यापासून मोजत नाहीत, स्तंभिकेपासून मोजतात. आपल्या त्रिकोणात स्तंभिकेशी कोन ५३.१ अंश आहे आणि पाण्याशी ३६.९. दोन्ही आकडे पुढे लागतात, पण वेगवेगळ्या कामांना.

आता मुख्य गोष्ट. सीमेवर काय जुळावं लागतं? विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे पृष्ठभागावर लोळणारे भाग वरून आणि खालून सारखे असायला हवेत. एवढीच अट. हवेत कोणत्याही सपाट लहरीचं विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांचं गुणोत्तर ३७७ ओहम असतं. प्रकाशासाठी पाण्यात ते ३७७ भागिले चार-तृतीयांश, म्हणजे सुमारे २८३ ओहम. लहर सरळ वरून आली तर तिला एकदम ३७७ वरून २८३ वर यावं लागतं. हा मेळ बसत नाही, म्हणून थोडी लहर परत फिरते. किती? क्षेत्राचा सातवा भाग, म्हणजे शक्तीचा एकोणपन्नासावा, सुमारे २ टक्के.

लहर तिरपी आली की हे दोन आकडे बदलतात, कारण सगळं क्षेत्र आता पृष्ठभागावर लोळत नाही. समांतर लहरीत विद्युत क्षेत्र उभ्या पत्र्यात तिरकं असतं. त्यातला कोसाइन एवढाच भाग पृष्ठभागावर पडतो. चुंबकीय क्षेत्र मात्र पूर्ण आडवं असतं. म्हणून पृष्ठभागाला जाणवणारं गुणोत्तर कोसाइनने गुणलं जातं. लंब लहरीत याच्या उलट: विद्युत क्षेत्र पूर्ण आडवं, चुंबकीय क्षेत्राचा फक्त कोसाइन भाग, म्हणून गुणोत्तर कोसाइनने भागलं जातं. आपल्या त्रिकोणात हवेतल्या कोनाचा कोसाइन ०.६. पाण्यात शिरल्यावर किरण स्तंभिकेकडे झुकून ३६.९ अंशांवर येतो, आणि त्याचा कोसाइन ०.८. मग चार ओळी लिहायच्या:

```
parallel,      air:    377 x 0.6 = 226
parallel,      water:  283 x 0.8 = 226
perpendicular, air:    377 / 0.6 = 628
perpendicular, water:  283 / 0.8 = 353
```

पहिल्या दोन ओळींकडे जरा थांबून बघावं. हवेचा आकडा मोठा होता, पण तिला लहान कोसाइन मिळाला. पाण्याचा आकडा लहान होता, त्याला मोठा कोसाइन मिळाला. दोघं २२६ वर येऊन भेटले. समांतर लहरीला सीमेवर काही बदललंय असं जाणवतच नाही, आणि ती सगळीच्या सगळी आत जाते. लंब लहरीत तेच दोन कोसाइन भागायला आले, आणि जी तफावत आधी ३७७ आणि २८३ ची होती ती ६२८ आणि ३५३ ची झाली. कोन जितका वाढवाल तितकं अंतर वाढणार. म्हणूनच लंब लहरीला असा कोन कधी सापडत नाही, आणि सूत्रात शोधण्याचीही गरज नाही. गुणाकार आणि भागाकार यांतच ते ठरून जातं. एक अट मात्र आहे: दोन्ही माध्यमं चुंबकीय दृष्ट्या सारखी असावीत. पाणी, काच, मेण, माती, प्लास्टिक यांना ती लागू आहे.

६२८ आणि ३५३ यांच्यातला फरक २७५, बेरीज ९८१. भागलं की ०.२८. लंब लहरीचं एवढं क्षेत्र परत येतं. वर्ग केला की शक्ती ७.८४ टक्के. ढगातून येणाऱ्या प्रकाशात समांतर आणि लंब निम्मे-निम्मे, म्हणून एकूण परावर्तन ३.९२ टक्के, आणि ते सगळंच्या सगळं लंब. गॉगलची काच फक्त उभं क्षेत्र आत सोडते, त्यामुळे हे ३.९२ टक्के अडतात. खालून, पाण्याच्या आतून येणारा प्रकाश निम्मा-अधिक शाबूत राहतो, आणि पान दिसतं.

दोन्ही कोसाइन एकमेकांना नेमके कधी पुरतात, याला अपवर्तनाचा नियम जोडला की कोनाचा टॅन्जंट म्हणजे दुसऱ्या आणि पहिल्या माध्यमाच्या अपवर्तनांकांचं गुणोत्तर, एवढं साधं सूत्र हाती येतं. डेव्हिड ब्रूस्टर यांनी ते १८१५ मध्ये निरनिराळ्या पदार्थांवर कोन मोजून मांडलं. तेव्हा विद्युतचुंबकीय लहर ही कल्पनाही कोणाला नव्हती. त्यांच्याआधी मालुस यांनी १८०८ मध्ये परावर्तनाने प्रकाश ध्रुवित होतो हे पाहिलं होतं, पण नियम त्यांच्या हाती लागला नाही. त्यांच्याकडच्या काचांचे पृष्ठभाग धड नव्हते आणि कोन जुळत नव्हते. पृष्ठभागावर तेलाचा किंवा धुळीचा थर असला की आजही हेच होतं: कोन त्या थराचा येतो, खालच्या पदार्थाचा येत नाही.

इथे एक खड्डा आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो. समांतर लहर पूर्ण आत गेली म्हणायचं, आणि पारगमनाचं सूत्र वापरून पाण्यातल्या क्षेत्राचं गुणक काढायचं, तर ते १ येत नाही, ०.७५ येतं. वर्ग केला तर ०.५६२५. मग उरलेली जवळपास ४४ टक्के ऊर्जा कुठे गेली? कुठेच गेली नाही. क्षेत्राचा वर्ग म्हणजे शक्ती नव्हे. त्याला त्या माध्यमाच्या ओहमने भागावं लागतं, आणि पाण्याचे ओहम कमी असल्यामुळे त्याच क्षेत्रात शक्ती चार-तृतीयांश पट जास्त असते. शिवाय पाण्यात शिरताना झोत रुंदावतो. पृष्ठभागावरचा त्याचा ठसा तोच, पण झोताची आडवी रुंदी ०.६ च्या प्रमाणात होती ती ०.८ च्या प्रमाणात झाली, म्हणजे पुन्हा चार-तृतीयांश. ०.५६२५ ला चार-तृतीयांशने दोनदा गुणा. नेमका १ येतो. काचेचं उदाहरण घेतलं की हा ताळा दशांशांच्या गर्दीत हरवतो; पाण्यात तो लख्ख दिसतो.

ओहमच्या हिशोबाने कोन सापडतो, पण पाणी स्वतः काय करतं हे त्यातून दिसत नाही. त्यासाठी आतल्या वीजभारांकडे बघावं लागतं. परत येणारी लहर आरशासारखी उसळलेली नसते. आत शिरलेली लहर पाण्याच्या रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना हलवते, आणि त्या हलण्यातून नवी लहर निघते. परावर्तित किरण म्हणजे तीच. समांतर लहरीत हे इलेक्ट्रॉन पत्र्याच्या आतच, अपवर्तित किरणाला काटकोनात झुलतात. आता दोन कोनांची बेरीज करा: ५३.१ आणि ३६.९, बरोबर ९०. म्हणजे परावर्तित किरणाची वाट अपवर्तित किरणाला काटकोनात आहे, आणि इलेक्ट्रॉन नेमके त्याच वाटेच्या रेषेत मागे-पुढे झुलत आहेत. झुलणारा वीजभार स्वतःच्या झुलण्याच्या रेषेत काहीच बाहेर टाकत नाही. सरळ दांड्याची अँटेना तिच्या टोकाच्या दिशेने लहर सोडत नाही, तसंच. त्या वाटेने जायला समांतर लहर उरतच नाही. लंब लहरीत इलेक्ट्रॉन आडवे झुलतात, ती रेषा परावर्तित किरणाला कायम काटकोनात, म्हणून तिथे नेहमी काहीतरी परत येतं.

प्रयोग फसतो तेव्हा बहुतेक जण कोनाला दोष देतात. कोनाचा दोष क्वचितच असतो. ४५ अंशांवर समांतर परावर्तन ०.२८ टक्के आहे, ६० अंशांवर ०.४३ टक्के, तिथे लंब परावर्तन अनुक्रमे ५.३ आणि ११.५ टक्के. म्हणजे शून्याचा खळगा चांगला रुंद आहे. पाण्यावर हलके तरंग असले आणि पृष्ठभाग पाच-सात अंश कलत राहिला तरी अंधार टिकतो. आधी तपासायची ती काच. नुसत्या काळ्या गॉगलने सगळंच सारखं मंद होतं, फिरवून काही बदलत नाही. थ्रीडी सिनेमाचा चष्मा बहुधा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा असतो. तो नेहमीसारखा धरून फिरवला तर चमक तशीच राहते, पण उलटा धरला, म्हणजे डोळ्याकडची बाजू पाण्याकडे केली, तर काम करतो. दुरुस्तीच्या दुकानातून फुटक्या एलसीडीची वरची फिल्म मिळवली तर तिचा अक्ष कोणत्या दिशेला आहे हे कळत नाही. ते ओल्या फरशीवरच ठरवायचं: फरशीची चमक जिथे सगळ्यात कमी होईल तिथे फिल्म थांबवायची आणि उभी रेघ मारायची, तीच तिची आत सोडणारी दिशा. स्टीलच्या ताटावर हा प्रयत्न करू नये. धातूत शून्य मिळतच नाही, तिथे समांतर लहरही भरपूर परत येते.

दुसरं कारण म्हणजे नजर फार लांब जाणं. त्याच काठावरून, तोच दीड मीटर उंचीचा डोळा, पण नजर साडेआठ मीटरवर नेली की कोन ८० अंश होतो. तिथे समांतर परावर्तन २४ टक्के आणि लंब ४६. गॉगल लंब काढून टाकतो, पण समांतरची चमक तशीच डोळ्यात येते. पुणे-बेंगळुरू हायवेवर पावसानंतर समोरून ऊन आलं की पोलराइज्ड गॉगल हवा तेवढा उपयोगी पडत नाही, त्याचं कारण हेच: गाडीतून दिसणारा ओला रस्ता तीस-चाळीस मीटरवर असतो, आणि एवढ्या तिरक्या कोनात दोन्ही लहरी जवळपास सारख्याच परत येतात.

आणि निरभ्र आकाश. सुरुवातीला ढगाळ दिवस सांगितला तो यासाठी. निळ्या आकाशाचा प्रकाश आधीच ध्रुवित असतो, आणि सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त. ढगाच्या थरातून गाळून आलेल्या प्रकाशात असला कल जवळपास उरत नाही. पण हाच अडथळा नोव्हेंबर-डिसेंबरच्या स्वच्छ संध्याकाळी एक देखणी गोष्ट दाखवतो. सूर्य क्षितिजाला टेकत असताना त्याला बरोबर उजव्या हाताला ठेवून उभं राहा आणि त्याच दोन मीटरवरच्या पाण्याकडे बघा, गॉगलशिवाय. तिथे पडणारं आकाश पाण्यापासून ३६.९ अंश उंचीवरचं, सूर्याला काटकोनात, आणि त्याचं विद्युत क्षेत्र उभ्या पत्र्यात. म्हणजे ते बरंचसं समांतर लहर घेऊनच आलेलं असतं. पाणी ते परत देत नाही. उघड्या डोळ्यांना तिथे पाणी काळसर दिसतं. सूर्याकडे पाठ करून तेवढ्याच अंतरावर बघितलं की ते पुन्हा उजळतं. फिल्टरचं काम इथे आकाशच करतं. निळ्या आकाशाचं ध्रुवीकरण कधीच पूर्ण नसतं, म्हणून हा काळोखही पूर्ण नसतो.

हे सगळं प्रकाशाचं झालं. तेच पाणी रेडिओ लहरीला अगदी वेगळं दिसतं. पाण्याचा रेणू स्वतःच एक छोटा द्विध्रुव आहे, आणि काही गिगाहर्ट्झच्या खाली तो क्षेत्राबरोबर पूर्ण फिरू शकतो. त्यामुळे तिथे सापेक्ष परवैद्युतांक सुमारे ८० असतो. प्रकाशाच्या वारंवारतेला रेणूला फिरायला वेळच मिळत नाही, फक्त इलेक्ट्रॉन हलतात, आणि तो १.७८ वर येतो. परवैद्युतांकाचं वर्गमूळ म्हणजेच अपवर्तनांक, आणि ८० चं वर्गमूळ ८.९४. टॅन्जंट ८.९४ म्हणजे कोन ८३.६ अंश. दीड मीटर उंचीवर अँटेना असेल तर दोन मीटरची ती जागा आता १३.४ मीटरवर सरकली. ताळा करून बघता येतो: पाण्याचे ओहम ४२, हवेचे ३७७ गुणिले ०.१११, तेही ४२.

हिडकल धरणाच्या जलाशयावरून रेडिओची सांधणी करायची म्हटली तर हा आकडा कामाचा वाटतो. ८० अंशांवर आडव्या अँटेनाची लहर पाण्यावरून सुमारे ९२ टक्के परत येते, उभ्या अँटेनाची जेमतेम ५ टक्के. परत आलेली लहर सरळ आलेल्या लहरीत मिसळून सिग्नल खाली-वर करते, म्हणून अँटेना उभी लावावी असं मनात येतं. पण जागेची मापं टाकून बघावीत. दोन्ही काठांवर वीस-वीस मीटरचे मनोरे आणि मधे चार किलोमीटर पाणी धरलं, तर लहर पाण्याला अर्ध्या अंशाहून थोड्या जास्त कोनात स्पर्श करते. स्तंभिकेपासून हा कोन ८९.४ अंश, म्हणजे ८३.६ च्या बराच पलीकडे. तिथे उभी लहरही ७० टक्के परत येते. ८३.६ वर नेमकं बसायचं असेल तर चार किलोमीटरसाठी दोन्ही मनोरे सव्वादोनशे मीटरचे हवेत. अशा ठिकाणी उभ्या-आडव्याचा वाद घालण्यात वेळ घालवू नये. एक मनोरा उंच आणि दुसरा ठेंगणा ठेवला की परावर्तनाची जागा ठेंगण्या मनोऱ्याच्या बाजूला सरकते. ती पाण्यावरून काढून काठच्या झाडीत किंवा खडकाळ उतारावर नेता आली, तर परतणारी लहर विखुरते आणि सिग्नल स्थिर राहतो.